दर्शनाच्या बाजूने

सोमवार, ४ मार्च

प्राचार्यांनी दुसऱ्या तासानंतर बोलावलं. मला वाटलं, पुन्हा वेळापत्रकाचं काहीतरी असणार. आमच्या धर्मविद्यालयात व्याकरणाच्या मास्तरला दुसऱ्या कशासाठी कोणी बोलावत नाही. पण त्यांनी खुर्ची पुढे केली आणि चहा मागवला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"तुमच्या दादांनी वर्गात काय सांगितलं, ते आलं का कानावर?"

आलं नव्हतं. दादा मला काय सांगणार? एकाच इमारतीत राहतो, तो पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. एकाच विद्यालयात शिकवतो. तो वरच्या वर्गांना श्रद्धाशास्त्र, मी खालच्यांना अरबीचे विभक्तिप्रत्यय. जिन्यात भेट झाली तर आईच्या औषधांबद्दल बोलतो, एवढंच.

प्रकार असा झाला. दादा नेहमीचा पाठ घेत होता : परलोकात श्रद्धावानांना अल्लाहचं दर्शन होईल का, डोळ्यांनी? वर्षानुवर्षं तो दोन्ही बाजू शिकवतो. दर्शन नाकारणारे मुतझिली काय म्हणाले, मानणारे अशअरी काय म्हणाले. इतक्या निष्ठेने शिकवतो की हा स्वतः कुठल्या बाजूचा, यावर मुलं पैजा लावतात. या खेपेला एकाने उठून विचारलंच, "सर, आणि तुमचं मत?"

कुणीही शहाणा माणूस हसून पान उलटतो. दादा म्हणाला, "दिसणार नाही. इथेही नाही, तिथेही नाही."

आपलं विद्यालय दर्शन मानणारं आहे, ते प्रवेशाच्या शपथेतच आहे. पालकांची तक्रार आली, विश्वस्त तापलेत. महिनाअखेरीस समिती बसणार. दादा आपली बाजू मांडेल आणि विद्यालयाच्या बाजूने कोणीतरी उत्तर द्यायचं.

"तुमची अरबी पक्की आहे," प्राचार्य म्हणाले. "शिवाय तुम्ही भाऊ. म्हणजे यात आकस आहे असं कोणी म्हणणार नाही."

उद्या सांगतो म्हणालो. पदाचं काही बोलणं झालं नाही. फक्त दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, वरच्या वर्गांना शिकवायला कोणीतरी लागेलच, कसंही झालं तरी.

घरी हिला सांगितलं. म्हणाली, "नाही म्हणालात ना?"

"विचार करतो म्हणालो."

"म्हणजे हो म्हणालात," असं म्हणून भाजी चिरायला बसली.

बुधवार, ६ मार्च

हो म्हणालो. कारण साधं आहे. मी नाही म्हटलं तर बाहेरचा कोणीतरी येईल आणि दादाची सालटी काढेल. मी निदान त्याचा मान राखून बोलेन. हे हिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तुमचा चेहरा बघा आरशात." तिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतंच.

आणि दुसरं म्हणजे, मला ते खरंच वाटतं. लहानपणी मशिदीत पैगंबरांचं ते वचन, ती हदीस, ऐकली होती, की पौर्णिमेचा चंद्र जसा धक्काबुक्की न करता सगळ्यांना दिसतो, तसा तुम्हाला तुमचा प्रभू दिसेल. मी बुटका होतो. कुठेही गेलो तरी पुढच्याची पाठच दिसायची. एकदा तरी धक्काबुक्की न होता दिसेल, ही गोष्ट मला फार आवडली होती. दादाला कुठे कळणार? त्याला पहिल्यापासून सगळं वरून दिसतं.

शनिवार, ९ मार्च

तयारी जोरात. बांधणी व्याकरणावरच करायची असं ठरवलंय.

कुराणात म्हटलंय, निवाड्याच्या त्या दिवशी कित्येक चेहरे टवटवीत असतील, आपल्या प्रभूकडे पाहत असतील. मुतझिली म्हणतात, इथे 'नज़र' म्हणजे पाहणं नव्हे, वाट पाहणं. प्रभूच्या कृपेची वाट पाहत असतील. इथे मी त्यांना पकडतो. अरबीत हे क्रियापद नुसतं आलं तर वाट पाहणं, 'फी' हे अव्यय लागलं तर विचार करणं, आणि 'इला' लागलं, शिवाय कर्ता चेहरा असला, तर डोळ्यांनी पाहणंच. इथे 'इला' आहे, चेहरेही आहेत. आणि स्वर्गात पोहोचल्यावर वाट कसली पाहायची? वाट पाहण्यात जीव टांगलेला असतो. ते बक्षीस कसं होईल?

हे लिहून झाल्यावर खोलीत फेऱ्या मारल्या. इतकी वर्षं मुलांना अव्ययं घोकायला लावली, त्याचं चीज झालं.

दुसरा पुरावा : पापी लोक त्या दिवशी प्रभूपासून पडद्याआड असतील, असं एक वचन आहे. पडदा ही त्यांची शिक्षा असेल, तर पुण्यवानांना पडदा नाही, हे उघड आहे.

तिसरा तर्काचा. वस्तू दिसते, तिचा रंगही दिसतो. दोन्ही इतक्या वेगळ्या, तरी दिसतात. दोन्हींत सामाईक काय? त्या अस्तित्वात आहेत, हेच. म्हणजे दिसण्याचं कारण अस्तित्व. अल्लाह अस्तित्वात आहे, म्हणून तो दिसू शकतो. अगदी घट्ट बसतं.

सोमवार, ११ मार्च

आज दादा स्वतः वर आला. तिसऱ्या मजल्यावर यायचं म्हणजे त्याच्या गुडघ्यांना शिक्षाच. दम खात खुर्चीत बसला आणि म्हणाला, "छोट्या, काय तयारी केलीस दाखव."

मी म्हणालो, "ते बरं दिसेल का?"

"अरे, तू माझ्या विरुद्ध बोलणार आणि वाईट बोललास, तर लोक म्हणतील शिकवलं कोणी याला? मीच शिकवलं ना?"

मला राग आला, पण दाखवली. ही दाराशी उभी राहून ऐकत होती.

आधी 'नज़र' वाचलं. "चांगलं आहे. पण अपुरं आहे. पाहणं म्हणजे दिसणं नव्हे. अरबच म्हणतात, मी चंद्रकोरीकडे पाहिलं, पण ती दिसली नाही. मूर्तींबद्दल ग्रंथातच आहे, त्या तुझ्याकडे पाहताना दिसतील, पण त्यांना काही दिसत नाही. म्हणजे 'इला' लागून पाहणं सिद्ध झालं, दिसणं नाही झालं. यावर तू काय म्हणशील?"

मी पेन्सिल हातात घेतली.

"म्हण, की वचन चेहऱ्यांच्या आनंदाबद्दल आहे. पाहून न दिसण्यात टवटवी कसली येणार? ते लिही."

मी लिहिलं.

तिसरा मुद्दा वाचून त्याने कागद खाली ठेवला. "हा टाक. अस्तित्वामुळे दिसतं म्हणतोस, तर आवाजही दिसायला हवा, वासही, कडूपणाही. तुझी बाजू म्हणते, हो, दिसू शकतात, अल्लाहने तशी सवय घालून दिलेली नाही, एवढंच. हे समितीसमोर बोललास तर लोक हसतील. तुझ्याच बाजूच्या मोठमोठ्या पंडितांनी शेवटी कबूल केलंय, की बुद्धीने हे सिद्ध होत नाही, वचनांवर उभं राहावं लागतं. बुद्धीकडून एवढंच घ्यायचं, की अशक्य नाही."

"अशक्य आहे असंच तुझं म्हणणं ना?"

"माझं म्हणणं आहे, दिसणारी वस्तू समोर असावी लागते. कुठल्यातरी दिशेला, काही अंतरावर. अल्लाह समोर असेल तर मागे नसेल. मला असा चालत नाही." हे तो इतक्या हळू बोलला, की जणू कोणाची तरी तब्येत सांगतोय. मग पुन्हा नेहमीच्या आवाजात, "माझा मुख्य आधार कुठला, माहीत आहे ना?"

माहीत होता. 'दृष्टी त्याला गाठत नाही, तो मात्र सगळ्या दृष्टींना गाठतो.' यात अल्लाह स्वतःची स्तुती करतोय. आणि ज्या गोष्टीच्या नसण्यात थोरवी आहे, ती असणं हा उणेपणा. म्हणजे तो उणेपणा परलोकातही येणार नाही.

"याला तू काय उत्तर देणार?"

"'इद्राक' म्हणजे गाठणं, वेढून घेणं. दिसणं वेगळं."

"पुरावा?"

पुरावा माझ्याकडे नव्हता. कोशातला अर्थ होता. दादाने डोळे मिटले आणि आयत म्हटली. समुद्राकाठी मिसरच्या राजाचं, फिरऔनचं, सैन्य मागे आलं, 'दोन्ही समूहांना एकमेक दिसले', तेव्हा मूसा पैगंबराचे लोक म्हणाले, आपण गाठले गेलो. आणि मूसा म्हणाला, मुळीच नाही.

"बघ," दादा म्हणाला. "एकाच ठिकाणी दिसणं झालंय आणि गाठणं नाकारलंय. धातू तोच. यापेक्षा चांगला पुरावा तुझ्या बाजूला कोणाकडे नाही. आणि पुढे म्हण, की जे दिसणंच अशक्य, त्याचं न दिसणं ही कसली स्तुती? जे मुळात नाहीच, तेही दिसत नाही. थोरवी तेव्हा, जेव्हा दिसू शकतो आणि तरी हाती लागत नाही."

मी भराभर लिहीत होतो. ही म्हणाली, "भावजी, तुम्ही स्वतःचीच मान कापायला सुरी देताय."

"बोथट सुरीपेक्षा बरी," दादा म्हणाला आणि हसला. मग मला म्हणाला, "याला माझ्याकडे उत्तर आहे, हेही ऐकून ठेव. 'इद्राक' एकटं आलं तर गाठणं, पण त्याच्यासोबत दृष्टी आली की अर्थ दिसणंच. समुद्राकाठी दृष्टीचा इद्राक नव्हता, पायांचा होता. तर हे मी बोलणार. तेव्हा गांगरू नकोस."

तो गेल्यावर ही माझं ताट आदळून आत निघून गेली. का, ते मी विचारलं नाही.

शुक्रवार, १५ मार्च

समुद्राकाठचा मुद्दा पहिल्या क्रमांकावर घेतला. विचार करता करता जाणवलं, की त्याचं बीज माझ्या मनात आधीपासून होतंच. 'इद्राक' म्हणजे गाठणं, हे मीच आधी म्हणालो होतो. दादाने फक्त आयत आठवून दिली.

बुधवार, २० मार्च

आईच्या हृदयाने पुन्हा दगा दिला. डॉक्टर म्हणाले, आता औषधं वाढवण्यात अर्थ नाही, पायांची सूज तेवढी बघत राहा. दुपारी खाली दादाकडे गेलो तर आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आईचा आवाज आला. ती दादाला सांगत होती, "तो धाकटा आहे, हे लक्षात ठेव."

मी तसाच वर आलो. म्हणजे खाली माझ्या उद्धटपणाची चर्चा चालली आहे. धाकट्याने थोरल्यासमोर तोंड उघडायचं नाही! आईला कोण समजावणार, की हे मी घरात करत नाहीये, विद्यालयाचं काम म्हणून करतोय. कायम असंच. दादाने काही केलं की त्याचं मत, मी काही केलं की आगाऊपणा.

शुक्रवार, २९ मार्च

आज झालं. लगेच लिहून ठेवतो.

मोठ्या वाचनालयात लांब टेबल लावलं होतं. मध्ये प्राचार्य, दोन्ही बाजूंना विश्वस्त आणि बाहेरून आलेले एक वृद्ध काझी. मागे शिक्षक. दादाने जुनाच कोट घातला होता, कोपराला झिजलेला. वहिनीने तरी सांगायचं.

त्याने आधी बोलायचं होतं. तो कागदाशिवाय बोलला. मूसाने विनवलं, प्रभू, मला दर्शन दे, आणि उत्तर आलं, तू मला पाहणार नाहीस. मूसासारख्या पैगंबराला नाही, तर आपण कोण? आणि मूसाने मागितलं तरी का? कारण त्याच्या लोकांनी हट्ट धरला होता, आम्हाला अल्लाह उघड दाखव. त्यांच्यावर वीज कोसळली. उत्तर त्यांना ऐकवण्यासाठी त्याने विचारलं. मूसा बेशुद्ध पडला, आणि शुद्धीवर आल्यावर म्हणाला, मी पश्चात्ताप करतो. मागणं योग्य असतं तर पश्चात्ताप कशाचा?

मग मी उठलो. म्हणालो, लोकांसाठीच विचारायचं असतं तर 'त्यांना दाखव' म्हटलं असतं, तो म्हणतो 'मला'. अल्लाहबद्दल काय अशक्य आहे, हे पैगंबराला कळत नव्हतं आणि आपल्या वरच्या वर्गाच्या शिक्षकांना कळतं, असं समजायचं का? (इथे विश्वस्त हसले. हा मुद्दा माझा स्वतःचा.) पश्चात्ताप परवानगीशिवाय मागितल्याचा. आणि उत्तराचा पुढचा भाग दादांनी सांगितलाच नाही : 'पण त्या डोंगराकडे पाहा, तो जागेवर राहिला तर तू मला पाहशील.' डोंगर जागेवर राहणं ही शक्य गोष्ट. शक्य गोष्टीवर जे अवलंबून, तेही शक्य.

दादा म्हणाला, पुढे त्या डोंगराचा चुराच झाला, आणि चुरा होत असतानाच तो स्थिर राहावा, ही ती अट. हलणारी वस्तू त्याच क्षणी स्थिर असणं अशक्य.

मी म्हणालो, वचनात 'त्याच क्षणी' हा शब्द नाही.

काझींनी मान हलवली. माझ्या बाजूने हलवली.

'पाहणार नाहीस' यातल्या 'लन' या नकारावरही जुंपली. दादा म्हणाला, हा कायमचा नकार. मी म्हणालो, ग्रंथात याच 'लन'ने म्हटलंय, की अमुक लोक मरणाची इच्छा कधीच करणार नाहीत, आणि तेच लोक नरकात मरण मागताना दाखवलेत. म्हणजे हा नकार या जगापुरता. व्याकरणात मला कोण हरवणार!

मग दादाने आपलं मुख्य वचन मांडलं. दृष्टी त्याला गाठत नाही. मी समुद्राकाठची आयत वाचली. दिसणं झालं, गाठणं नाकारलं. मागे शिक्षकांत कुजबुज झाली. स्तुतीचा मुद्दाही घातला. काझी पुढे वाकले आणि म्हणाले, "फार सुंदर." मग दादाकडे वळून, "याला तुमचं उत्तर?"

मी गांगरलो नाही. त्याचं उत्तर मला पाठ होतं, त्यावरचा माझा तोडगा मात्र तयार नव्हता. मी शोधला होता, सापडला नव्हता. कोपरं टेबलावर ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.

दादाने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काझींना म्हणाला, "माझ्याकडे उत्तर नाही."

विसरला असणार. एवढ्या लोकांसमोर, या वयात, होतं असं. मला क्षणभर वाटलं, आपण आठवण करून द्यावी का? पण ते समितीच्या शिस्तीत बसलं नसतं.

शेवटी प्राचार्य म्हणाले, उत्तर नाही म्हणता, मग मत सोडता ना? तेवढं म्हणा, विषय इथेच मिटवू. तुमची जागा तुमचीच.

दादा म्हणाला, "उत्तर सुचलं नाही म्हणून मत बदललं, असं होत नाही. मला अजून तेच वाटतं. तुम्ही मला काय वाटतं ते विचारताय ना?"

इथे मात्र त्याचा हटवादीपणा दिसला. वाद हरल्यावर मान्य करायचं असतं.

रविवार, ३१ मार्च

दादाला कमी केलं. पत्रात 'निवृत्ती' म्हटलंय. माझं नाव वरच्या वर्गांसाठी पुढे गेलंय. मी मागितलं नव्हतं.

हिला सांगितलं. म्हणाली, "अभिनंदन," आणि भांडी घासायला लागली. इतक्या जोरात, की एक कप फुटला.

शनिवार, २० एप्रिल

दादा आणि वहिनी तिच्या माहेरगावी निघाले. तिथे तो भाषांतराची कामं करणार म्हणे. आई त्यांच्याबरोबर जाते आहे. मी म्हणालो, आई, तू इथे राहा, डॉक्टर जवळ आहेत, तुझी सून आहे, मी आहे. प्रवास सोसणार नाही तुला.

"मी त्याच्याकडेच असते," ती म्हणाली.

"आता तो कोणीही नाही, आई. असतं माणसाचं एखादं मत, पण..."

"तुझं झालं ना काम? मग जाऊ दे मला." तिने माझ्या गालावर हात ठेवला. सुजलेला हात, गार. "जेवत जा वेळेवर."

टेम्पोत दादाच्या पुस्तकांची खोकी चढवायला मी मदत केली. पाठीत उसण भरली. दादा म्हणाला, "वाक नको असा, गुडघ्यात वाक." नेहमीसारखंच. त्याला काही वाटलेलं दिसत नाही. मनाने तो कोरडाच आहे पहिल्यापासून.

मंगळवार, ११ जून

नवं सत्र. दर्शनाचा पाठ घेतला. वर्गात एकजण उठला आणि म्हणाला, "सर, समुद्राकाठी गाठणं पायांचं होतं. दृष्टीचं नव्हतं. मग तो पुरावा इथे कसा चालेल?"

मी म्हणालो, चांगला प्रश्न आहे, पुढच्या तासाला बघू. पुढच्या तासाला दुसरा पाठ सुरू केला. कोणी काही बोललं नाही. त्यांच्या त्या न बोलण्याचा फार राग आला.

दादाला फोन करून विचारता येईल, असं एकदा मनात आलं. त्याच्याच मुद्द्यावरचं माझ्या बाजूचं उत्तर त्याला नक्की येत असेल. सांगेलही. म्हणूनच नाही केला.

गुरुवार, ४ जुलै

आई गेली. सकाळी वहिनीचा फोन आला. आम्ही पोहोचलो तेव्हा दफन व्हायचं होतं. मला तोंड बघायला मिळालं. शांत होतं, थोडं आश्चर्य वाटल्यासारखं.

तिसऱ्या प्रहरी लोक पांगल्यावर दादा आणि मी मागच्या पायरीवर बसलो. तो खूप बारीक झालाय. त्याच्या बोटांना शाई होती, धुतली नव्हती.

मी विचारलं, शेवटी काही बोलली का.

"बोलली. पहाटे शुद्ध होती. मला म्हणाली, दिसेल ना रे? मी म्हटलं, काय? तर म्हणाली, अल्लाह. मला दिसेल ना? या डोळ्यांनी?"

"मग?"

"मी म्हटलं, हो. दिसेल."

मी विचारलं, "मनाने दिसेल, म्हणजे कळेल, अशा अर्थाने म्हणालास का? तुमच्यातले काहीजण तसा अर्थ लावतात."

"नाही. तिने डोळ्यांनी विचारलं, मी डोळ्यांनी सांगितलं. चंद्राचंही सांगितलं. धक्काबुक्की नसते म्हटलं. तिने माझा हात धरून ठेवला होता."

"हेच समितीसमोर म्हटलं असतंस तर? हे एवढं सगळं झालंच नसतं! जागा राहिली असती. आई तिथेच राहिली असती, डॉक्टरजवळ."

"समितीने मला विचारलं होतं, तुला काय वाटतं," दादा म्हणाला. "आईने ते विचारलं नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे खोटं बोललो, छोट्या. आईशी." मग त्याने तोंडावर हात ठेवला आणि रडला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. काय करायचं कळेना. पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण तो थोरला. वहिनी चहा घेऊन आली, तेव्हा मी उठलो.

रविवार, ७ जुलै

परत आल्यापासून तोच विचार. दादा म्हणतो, खोटं बोललो. पण माणूस मरणाऱ्या आईशी खोटं बोलेल का? त्यातून दादा, ज्याने नोकरी सोडली पण दोन शब्द बदलले नाहीत? तर्काने पाहिलं तर एकच निष्कर्ष निघतो. त्याच्या आत कुठेतरी खरी श्रद्धा होती, ती त्या घटकेला बाहेर आली. नंतर त्याला तिची लाज वाटली, म्हणून खोटं म्हणाला. स्वतःचं मन स्वतःला कळतंच असं नाही.

हिला हे बोलून दाखवलं. तिने आधी दार लावून घेतलं. मग म्हणाली, "हे कुणाला सांगू नका. पाया पडते."

भावाबद्दल चांगलं सांगण्यात वाईट काय?

मंगळवार, ९ जुलै

प्राचार्यांना सांगितलं. ते उठून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. म्हणाले, अल्लाहने तुमच्या हातून हे करून घेतलं. शेवटचं वाक्य, खोटं बोललो हे, मी सांगितलं नाही. ते दुःखाच्या भरात बोललेलं होतं. पुराव्यात भरीचे शब्द गाळायचे असतात.

शुक्रवार, १२ जुलै

आज नमाजेनंतर प्राचार्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की आपल्या एका जुन्या सहकाऱ्याने आईच्या मृत्युशय्येपाशी सत्य मान्य केलं. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. लोक माझ्या गळ्यात पडले. काझींनीही निरोप पाठवलाय. ज्याने तो प्रश्न विचारला होता, तो विद्यार्थी मात्र कोपऱ्यात उभा राहिला आणि निघून गेला.

प्राचार्य म्हणाले, दादांना पुन्हा घेता येईल. व्याकरणाला जागा रिकामी आहेच. एक साधं निवेदन द्यावं लागेल, एवढंच.

ही आनंदाची बातमी आपणच द्यावी, म्हणून घरी येऊन लगेच फोन लावला. दादाने उचलला. सगळं सांगितलं.

मग म्हणाला, "तू त्यांना सांगितलंस? आईचं?"

"अरे, तुझ्या भल्यासाठीच."

"खोटं बोललो, तेही सांगितलंस?"

"त्याची गरज नव्हती, दादा."

पलीकडे कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला, वहिनी असेल. मी म्हणालो, निवेदन मीच लिहून देतो, तू फक्त सही कर, तुला एक शब्दही लिहावा लागणार नाही. हॅलो? हॅलो म्हणालो दोनदा. त्या गावात रेंज मुळात कमीच.

ही दाराशी उभी होती. म्हणाली, "त्यांनी फोन ठेवला."

तिला तिथून काय ऐकू येणार? निवेदनाचा मसुदा करायला घेतलाय. पहिलं वाक्य बांधून झालं : 'मी, खाली सही करणारा, असं मान्य करतो की परलोकात अल्लाहचं दर्शन डोळ्यांनी होईल.' भाषा सोपी ठेवली आहे. दादाला अवघड वाक्यं आवडत नाहीत.